भाव उतरला, आता जुन्या ग्राहकाला काय लिहावे?

तालुक्याच्या गावातील विद्युत उपकरणांचे एक दुकान कल्पून पाहू. २०२५ च्या सप्टेंबर महिन्याची २२ तारीख, सोमवार, घटस्थापनेचा दिवस. वातानुकूलन यंत्रांवरील जीएसटी त्या दिवसापासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. दुकानदाराने सकाळीच मोबाईलवर एक छायाचित्र तयार केले. दीड टनाच्या एसीच्या चित्रावर ३८,४०० हा आकडा लाल रेघेने खोडलेला, त्याखाली ठळक ३४,५००, आणि छायाचित्राखाली ओळ: ‘खुशखबर! नवरात्रीच्या मुहूर्तावर एसी १० टक्क्यांहून अधिक स्वस्त. संधी दवडू नका!’ हे सर्व दुकानाच्या व्हॉट्सॲप यादीतील प्रत्येकाला एकाच वेळी गेले.

पहिले उत्तर आले ते एका निवृत्त शिक्षकाचे. त्यात राग नव्हता, एवढेच होते: ‘शेठ, आम्ही तर गुरुवारीच नेला.’

त्या पाच शब्दांना उत्तर देणे अवघड असते, कारण दुकानदाराने खोटे काहीच केलेले नाही. गुरुवारी, १८ तारखेला, २८ टक्के कर घेणे त्याला कायद्याने भागच होते. तरीही गुरुजींना आपण फसलो असे वाटले, आणि ते वाटण्यास किंमत जितकी कारण होती तितकीच ती ओळही होती. लाल रेघेने खोडलेला आकडा नव्या माणसाला केवळ जुना भाव दिसतो. गुरुजींना मात्र तो स्वतःच्या हाताने मोजून दिलेल्या नोटांचा आकडा दिसला. ‘खुशखबर’ हा शब्द त्यांच्यासाठी नव्हताच. दुकानाच्या यादीत त्यांचे नाव होते, पण संदेश लिहिताना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ते नव्हते. उतरलेल्या भावाची सूचना बिघडते ती बहुधा येथेच: विकत घेणाऱ्यासाठी लिहिलेली जाहिरात विकत घेऊन झालेल्याच्या हाती पडते.

आता त्या ३,९०० रुपयांचा हिशेब नीट मांडू. कॅप्शनचे सारे बळ किंवा सारी लबाडी याच हिशेबात असते.

एसीची करापूर्वीची किंमत ३०,००० रुपये. त्यावर २८ टक्क्यांनी ८,४०० रुपये कर, म्हणजे ग्राहकाने दिले ३८,४००. नव्या दराने १८ टक्के कर होतो ५,४०० रुपये, आणि किंमत ३५,४००. करामुळे उतरले ते ३,००० रुपये. येथे बरेच व्यापारी एक चूक करतात. कर १० टक्क्यांनी कमी झाला म्हणून ते ‘१० टक्के स्वस्त’ असे लिहून टाकतात. पण कराची टक्केवारी मूळ किमतीवर मोजली जाते, ग्राहक मात्र एकूण किमतीवर मोजतो. ३८,४०० वर ३,००० म्हणजे ७.८ टक्के. गुरुजींसारखा ग्राहक १० टक्के वाचताच मनात ३,८४० चा आकडा मांडतो आणि आपले तेवढे गेले असे समजतो. चुकीच्या टक्केवारीने जुन्या ग्राहकाचे दुःख फुकट ८४० रुपयांनी वाढते, आणि पुढे खरा हिशेब कळला की विश्वासही तेवढाच उतरतो.

३५,४०० वरून ३४,५०० वर किंमत आली ती दुकानदाराने स्वतः दिलेल्या ९०० रुपयांच्या सणाच्या सुटीमुळे. म्हणजे ३,९०० रुपयांत दोन वेगळ्या जातीचे पैसे आहेत. ३,००० रुपये सरकारी दर बदलल्याने उतरले. त्यांतील एक रुपयाही दुकानदाराच्या खिशात राहिलेला नाही. ९०० रुपये त्याने आपखुशीने सोडले. ते सोमवारी सोडता येत होते तसेच गुरुवारीही सोडता आले असते. गुरुजींना ३,००० रुपयांचे कारण समजावून सांगता येते. ९०० रुपयांना मात्र कारण नाही, तेथे उत्तर एकच: तेही त्यांना द्यावेत. पहिल्या छायाचित्राने हे दोन्ही आकडे एकत्र मळून टाकले, म्हणून सारे ३,९०० रुपये दुकानदाराच्या मर्जीचे वाटले.

अशा वेळी काही ग्राहक, आणि कधी दुकानातील उत्साही मुनीमही, एक तोडगा सुचवतात: गुरुवारचे बिल रद्द करून सोमवारच्या तारखेने नवे बिल फाडावे. तो मार्ग बंद आहे. माल गुरुवारी घरी पोहोचला, भिंतीवर बसला, बिल झाले, पैसे आले; अशा व्यवहाराला जुनाच दर लागतो, आणि माल परत न येता परत आल्याचे दाखवणे ही खोटी नोंद होय. मात्र ज्यांनी आगाऊ रक्कम भरून माल राखून ठेवला होता आणि ज्यांचे बिल व माल दोन्ही २२ तारखेला किंवा नंतर झाले, त्यांना १८ टक्के दरच लागू होतो, पैसे आधी दिलेले असले तरी. अशा चार-दोन ग्राहकांना हे ठाऊक नसते. त्यांना यादीतून संदेश न पाठवता स्वतंत्र फोनच करावा, कारण त्यांच्या बाबतीत ही सवलत नव्हे, हक्क आहे.

९०० रुपये द्यायचे ठरले की पुढचा प्रश्न: कोणाला? एप्रिलच्या उन्हाळ्यात एसी नेलेल्याने पूर्ण उन्हाळा गारवा भोगला. त्यालाही आज ९०० रुपये द्यावेत असे कोणी म्हणणार नाही. सीमा आखावीच लागते. ‘गेल्या ३० दिवसांतील ग्राहक’ असे लिहिणे सोपे, पण एकतिसाव्या दिवशी खरेदी केलेला माणूस विचारतोच, ३० का? सीमेला कारण असले तर ती सहज स्वीकारली जाते. येथे ते कारण हाताशी होते. १५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरील भाषणात पंतप्रधानांनी दिवाळीपर्यंत जीएसटीत मोठा बदल होणार असल्याचे जाहीर केले. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने दर ठरवले आणि २२ सप्टेंबर ही तारीख दिली. म्हणून १५ ऑगस्ट ते २१ सप्टेंबर हा काळ धरावा: भाव उतरण्याचे वारे वाहू लागल्यानंतरही ज्यांनी थांबून न राहता दुकानावर विश्वास ठेवून माल नेला, ते ग्राहक. बिलबुकातून मोजता असे ३१ एसी निघाले असे समजू. ३१ गुणिले ९०० म्हणजे २७,९०० रुपये. हा आकडा कॅप्शन लिहिण्याआधी कागदावर असला पाहिजे. तो न पेलणारा असेल तर सणाची सूटच ६०० रुपयांची ठेवावी. नव्याला ९०० आणि जुन्याला शब्दांची गोडी, असे करू नये. शिवाय २०२५ च्या नियमांनुसार विक्रीच्या वेळी न ठरलेली, मागाहून सुचलेली अशी सूट भरलेला कर उलटवून देता येत नव्हती. ती आपल्या नफ्यातून जाते. जमाचिठ्ठी कर न दाखवता करावी आणि ती कशी लिहायची ते आपल्या कर-सल्लागाराला आधी विचारून घ्यावे.

जगातील अतिशय बलाढ्य कंपन्याही या वळणावर ठेचाळल्या आहेत. ॲपलने आपला पहिला आयफोन २९ जून २००७ रोजी अमेरिकेत विक्रीस आणला. ८ जीबीच्या फोनची किंमत ५९९ डॉलर होती. ५ सप्टेंबरला, म्हणजे अवघ्या दहा आठवड्यांत, ती ३९९ डॉलर करण्यात आली. रात्रभर रांगेत उभे राहून पहिल्या दिवशी फोन घेतलेली माणसे त्यामुळे दुखावली. त्या दिवशी स्टीव्ह जॉब्ज यांचे उत्तर कोरडे होते: तंत्रज्ञानात असे घडायचेच. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ग्राहकांना उद्देशून खुले पत्र प्रसिद्ध केले. भाव उतरवण्याचा निर्णय योग्यच होता हे त्यांनी पत्रातही सोडले नाही. पण प्रारंभीच्या ग्राहकांनी विश्वास दाखवला होता आणि तो कृतीने राखायला हवा, हेही मान्य केले, निराशा झाल्याबद्दल क्षमा मागितली आणि कंपनीच्या दुकानांत वापरता येईल अशी १०० डॉलरची जमा देऊ केली. तर्क दोन्ही दिवशी तोच होता. आदल्या दिवशी तो एकटा होता. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर माणसाची दखल आणि मोजता येणारी रक्कम होती. तरीही एक उणेपण राहिलेच. फरक २०० डॉलरचा, जमा १०० डॉलरची, तीही त्याच दुकानात खर्चायची. आणि ती तक्रारी आल्यावर मिळाली, आधी नाही.

ही शेवटची उणीव जपानच्या निन्टेन्डो कंपनीने चार वर्षांनी टाळली. तिने २०११ च्या फेब्रुवारीत ‘३डीएस’ हे हातात धरून खेळायचे खेळयंत्र जपानमध्ये २५,००० येनला काढले. विक्री अपेक्षेइतकी झाली नाही, आणि किंमत थेट १५,००० येन करावी लागली. नवा भाव ११ ऑगस्टपासून लागू होणार होता. घोषणा मात्र २८ जुलैलाच, दोन आठवडे आधी झाली. कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी जुन्या ग्राहकांची क्षमा मागितली. भाव उतरण्याआधी ज्यांचे यंत्र कंपनीच्या ऑनलाइन दुकानाला एकदा तरी जोडले गेले होते त्यांना ‘ॲम्बेसेडर’, म्हणजे राजदूत, असे नाव दिले गेले आणि २० जुने खेळ मोफत मिळाले. त्यांतील १० खेळ त्या यंत्रासाठी इतरांना विकण्याचा बेत नसल्याचेही कंपनीने सांगून टाकले. पैशाच्या रूपाने फरक परत मिळाला नाही, पण आधी येण्याला काही अर्थ होता हे सिद्ध करणारी, नंतरच्याला न मिळणारी वस्तू हाती आली. लहान दुकानदाराने या दोन हकिकतींतून घ्यायचे ते एवढेच: सूचना आधी, आणि जुन्या ग्राहकाला वेगळ्याने.

आता गुरुजींना जायला हवा होता तो संदेश लिहून पाहू. तो २२ तारखेला नव्हे, २१ च्या संध्याकाळी जायला हवा. यादी वेगळी, फक्त त्या ३१ जणांची. छायाचित्रात खोडलेला आकडा नको. दुकानाची पाटी किंवा साधी पाटी-पाटीसारखी चौकट पुरे. कारण नजर आधी चित्रावर जाते, आणि खोडलेली किंमत एकदा दिसली की खालचे शब्द रागानेच वाचले जातात. चित्राखालची ओळ अशी:

‘१५ ऑगस्ट ते २१ सप्टेंबर या काळात आमच्याकडून दीड टनाचा एसी घेतलेल्या आपणांसाठी. आपण ३८,४०० रुपयांना घेतलेला एसी उद्यापासून ३४,५०० रुपयांना मिळेल. हे आपल्याला बाहेरून कळण्याआधी आम्हीच कळवत आहोत. या ३,९०० पैकी ३,००० रुपये जीएसटी २८ वरून १८ टक्के झाल्याने उतरले आहेत. आपल्या बिलावर जुना दर लागू असल्याने ही रक्कम आम्हांला परत करता येत नाही. उरलेले ९०० रुपये ही दुकानाची सणाची सूट आहे आणि ती आपलीही आहे. बिल घेऊन ३१ ऑक्टोबरपर्यंत केव्हाही यावे. रोख घ्यावेत किंवा पुढील खरेदीत वळते करावेत. नवी खरेदी केलीच पाहिजे असे नाही.’

या संदेशात काय नाही ते आधी पाहावे. ‘खुशखबर’ नाही, उद्गारचिन्ह नाही, ‘आमच्या सन्माननीय ग्राहकराजा’ अशी पालखी नाही. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हेही नाही, कारण गैरसोय झालेलीच नाही, आणि जिथे दोष नाही तिथे मागितलेली क्षमा दोष असल्याची शंका मात्र निर्माण करते. जॉब्ज आणि इवाता यांनी क्षमा मागितली ती भाव त्यांनी स्वतः ठरवून उतरवला होता म्हणून. कर उतरवणारा दुकानदार नव्हे.

पहिल्या वाक्यात वाचणारा कोण ते आले आहे. व्हॉट्सॲपवर लांब मजकूर मध्येच दुमडला जातो आणि उरलेला वाचण्यासाठी बोट लावावे लागते. त्यामुळे ‘हे तुमच्यासाठी आहे’ आणि ‘भाव उतरला आहे’ या दोन गोष्टी वरच्या ओळींत यायलाच हव्यात. पुष्कळ जण अप्रिय आकडा तळाशी लपवतात आणि वर शुभेच्छा लिहितात. ग्राहक आकड्यापर्यंत पोहोचतोच, फक्त आपल्याला गोल फिरवून आणले हे त्याच्या लक्षात राहते. ‘परत करता येत नाही’ हेही सरळ लिहिले आहे. ‘नियमांनुसार’ एवढाच शब्द टाकून वाक्य संपवले असते तर ते टाळणे वाटले असते. कोणता दर, कोणत्या बिलाला, हे सांगितल्याने ग्राहक स्वतःच्या बिलावर नजर टाकून खात्री करू शकतो.

रोख की जमा, यावर व्यापाऱ्यांत मतभेद होतील. जमाचिठ्ठी दिली की ग्राहक परत दुकानात येतो आणि ९०० रुपयांवर काही अधिक खर्चून जातो, हा विचार चुकीचा नाही. पण ज्याने नुकतेच ३८,४०० रुपये मोजले त्याला आणखी काही विकत घेतल्याशिवाय ९०० रुपये मिळणार नाहीत, असे म्हणणे म्हणजे परतफेडीला पुन्हा जाहिरातीचे रूप देणे होय. पर्याय ग्राहकाच्या हाती ठेवला तर अनेक जण आपणहून वळते करतात. स्टॅबिलायझर घ्यायचा राहिलेला असतो, नाहीतर मिक्सर.

नव्या ग्राहकांसाठीची जाहिरात दुसऱ्या दिवशी खुशाल जावी, पण तिच्यातही टक्केवारी खरी असावी आणि कर व सूट वेगळी दिसावी. ती गुरुजींच्या नातेवाईकाकडे जाणारच आहे. तेथील आकडे आणि आदल्या संध्याकाळचे आकडे जुळले पाहिजेत.

एक गोष्ट मात्र कोणत्याही कॅप्शनने दुरुस्त होत नाही. ३ सप्टेंबरच्या रात्री दर जाहीर झाले. ४ तारखेपासून २१ तारखेपर्यंत दुकानात आलेल्या ग्राहकाला ‘२२ तारखेपासून हा एसी ३,००० रुपयांनी उतरणार आहे’ हे दुकानदाराला ठाऊक होते. ग्राहकालाही वर्तमानपत्रातून ठाऊक असेल, असे धरून चालणे सोयीचे असते. खरा कस तेव्हा लागतो. काउंटरवर एक पुठ्ठ्याची पाटी पुरली असती: ‘एसीवरील कर २२ सप्टेंबरपासून कमी होत आहे. थांबणे शक्य असल्यास थांबावे. आजच हवा असल्यास आजच्या दराने मिळेल.’ त्या पाटीने विक्री काही दिवस थांबली असती, हे खरे. पण ८ ते २१ सप्टेंबर हा तसाही पितृपक्षाचा पंधरवडा होता. त्या दिवसांत आपल्याकडे मोठी खरेदी टाळणारेच अधिक. थांबलेला ग्राहक नवरात्रात त्याच दुकानात आला असता, कारण थांबायला त्यानेच सांगितले होते. ज्यांना घरात आजारी माणूस आहे किंवा लग्न आहे म्हणून लगेच हवा होता, त्यांनी जाणूनबुजून जुन्या दराने घेतला असता, आणि २१ तारखेचा संदेश त्यांना केवळ ९०० रुपयांची बातमी वाटली असती.

संदेश योग्य उतरला की नाही हे कळायला फार वेळ लागत नाही. पहिल्या संध्याकाळी येणारी उत्तरे वाचावीत. ‘माझे बिल १४ ऑगस्टचे आहे, काही होईल का?’ असा प्रश्न येणे हे चांगले लक्षण. माणूस भांडत नाही, विचारतो आहे. अशा एखाद्या ग्राहकाला सीमा ओलांडून ९०० रुपये द्यावेत की नाही, हे दुकानदाराने आधीच ठरवून ठेवावे, आणि एकाला दिले तर त्या तारखेच्या सर्वांना द्यावे. उत्तरे अजिबात न येणे हे मात्र वाईट. नाराज माणूस दुकानदाराला लिहीत नाही, तो पारावर बोलतो. आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत ३१ पैकी किती जण बिल घेऊन आले ते मोजावे. निम्म्याहून कमी आले तर पैसे वाचले असे समजून वही मिटू नये. संदेश पोहोचला नाही किंवा लोकांना तो खरा वाटला नाही, यांतील एक घडले आहे, आणि उरलेल्यांना फोन करून बोलवावे.

आपल्या कल्पनेतील दुकानदारापुढे मात्र सोमवारची सकाळ आहे, चुकीचे छायाचित्र गेले आहे आणि गुरुजींचे वाक्य पडद्यावर आहे. त्याने ते छायाचित्र सर्वांसाठी पुसावे आणि गुरुजींना संदेश न पाठवता फोन लावावा: ‘गुरुजी, सकाळचा संदेश पाठवण्याआधी मी तुम्हांला कळवायला हवे होते, ते राहिले. तीन हजार कराचे आहेत, ते माझ्या हातात नाहीत. नऊशे माझे आहेत, ते संध्याकाळी मुलाच्या हाती घरी पाठवतो. बिल फक्त त्याला दाखवा.’